गेमिंग कॅफेत स्टीम उघडताय? पासवर्ड टाइपच करू नका

कॅफेच्या पीसीवर कीलॉगर बसवलेला असेल, तर तुम्ही दाबलेली प्रत्येक कळ तो टिपतो. अँटिव्हायरस असला तरी आपल्याला त्याचा पत्ता लागेलच असं नाही. म्हणून मी तिथे क्यूआरनेच लॉगिन करतो. स्टीमच्या लॉगिन खिडकीत क्यूआर कोड दिसतो. फोनमधलं स्टीम ॲप उघडून तो स्कॅन करायचा आणि ॲपमध्येच मंजुरी द्यायची. पासवर्ड त्या कीबोर्डला कळतच नाही. मंजुरीआधी ॲप दाखवत असलेलं ठिकाण नीट बघा. तुम्ही पुण्यात आणि लॉगिन भलत्याच देशातून दिसत असेल, तर सरळ नाकारा.

पण क्यूआरने सगळं भागत नाही. लॉगिन झाल्यावर त्या पीसीवर सेशनची खूण राहते, आणि ती चोरणाऱ्याला पासवर्ड लागतच नाही. त्यामुळे `Remember me` ची खूण आधीच काढा. उठताना नुसती फुली दाबू नका. फुलीने खिडकी मिटते, स्टीम मात्र खाली घड्याळाशेजारी चालूच राहतं. रीतसर साइन आउट करा. मग बाहेर पडता पडता ॲपच्या स्टीम गार्डमध्ये `Authorized Devices` उघडून तो पीसी यादीतून काढून टाका. खरी कडी इथे लागते.

डिस्कॉर्डलाही क्यूआर लॉगिन आहे. जीमेल उघडायचंच असेल तर क्रोमची गेस्ट विंडो वापरा, नाहीतर सिंक चालू होऊन घरचे सेव्ह केलेले पासवर्ड त्या पीसीवर उतरू शकतात.