बांधकाम साहित्याचे नियोजन – लेखांक ७ : सिमेंट कधी आणि किती मागवावे

सिमेंट गोणीतच घट्ट होते याचे कारण असे की, त्याला कडक होण्यासाठी वाहते पाणी लागत नाही; विणलेल्या प्लॅस्टिकच्या गोणीतून आत शिरणारी दमट हवाही त्याला पुरते. हवेतील बाष्पामुळे सिमेंटच्या बारीक कणांच्या पृष्ठभागावर रासायनिक क्रिया सुरू होते, कणांवर कठीण थर चढतो आणि प्रत्यक्ष कालवणाच्या वेळी पाण्याशी संयोग पावण्याची त्यांची क्षमता तेवढ्या प्रमाणात आधीच खर्च झालेली असते. चांगल्या कोरड्या गोदामातही तीन महिन्यांत ताकद साधारण २० टक्क्यांनी घटते असे पाठ्यपुस्तकांत धरतात, आणि तेवढ्या मुदतीनंतर सरकारी कामांवर सिमेंट पुन्हा तपासल्याशिवाय वापरू देत नाहीत. ही मुदत साहित्य जागेवर उतरल्या दिवसापासून नव्हे, तर गोणीवर छापलेल्या भरणीच्या आठवड्यापासून मोजावयाची असते, हे मात्र पुष्कळदा विसरले जाते.

नियोजनातील खरी अडचण सिमेंटच्या विषम खपात आहे. उदाहरणादाखल रत्नागिरी परिसरातील एक घर घेता येईल. त्याच्या १,००० चौरस फुटांच्या स्लॅबला तुळयांसह सुमारे १६ घनमीटर काँक्रीट लागते आणि १ : १.५ : ३ या प्रमाणात, म्हणजे एक भाग सिमेंट, दीड भाग वाळू व तीन भाग खडी धरून, दर घनमीटरला ५० किलोच्या जवळजवळ आठ गोण्या पडत असल्याने १२८ गोण्या एकाच दिवशी संपतात. उलट १ : ६ मसाल्याच्या वीटकामाला घनमीटरमागे सव्वा गोणी पुरते, दोन गवंडी रोज दोन घनमीटर काम करतात असे मानले, तर दिवसाला अडीच आणि सहा दिवसांच्या आठवड्याला अवघ्या १५ गोण्या लागतात.

आता मालकाने भाडे वाचविण्यासाठी एकाच ट्रकमधून २०० गोण्या २२ मे रोजी उतरवून घेतल्या, त्या २४ एप्रिलच्या सुमारास भरलेल्या होत्या आणि स्लॅब २५ मे रोजी पडला, असे समजू. सुमारे ७० गोण्या उरतात, परंतु त्यांना लगेच काम नसते, कारण भारतीय मानक ४५६ नुसार सहा मीटरपर्यंतच्या तुळयांखालील टेकू १४ दिवस काढता येत नाहीत आणि तोवर खालच्या मजल्यावर भिंतींचे काम अडून राहते. ८ जूनपासून आठवड्याला १५ या गतीने शेवटची गोणी १० जुलैच्या आसपास उघडेल आणि तेव्हा ती अकरा आठवड्यांची झालेली असेल. कागदावर ती मुदतीच्या आत दिसते. पण त्यांतील पाच आठवडे कोकणातील पावसाचे आहेत, शिवाय मजूर भातलावणीला गावी गेल्याने काम दोन आठवडे थांबले, तर वयाचा आकडा तेरा आठवड्यांवर जातो.

म्हणून स्लॅबचे सिमेंट आणि भिंतींचे सिमेंट या दोन वेगळ्या मागण्या समजल्या पाहिजेत. पहिली मागणी १३५ गोण्यांची करावी. मात्र ती तारखेला न बांधता कामाच्या टप्प्याला बांधावी. म्हणजे सेंट्रिंग पूर्ण होऊन सळया बांधून झाल्या आणि अभियंत्याने त्या तपासल्या, की मगच दुकानदाराला निरोप जावा, कारण स्लॅबची तारीख हमखास पुढे सरकते. दुसरी मागणी टेकू निघाल्यावर सुरू करावी. ‘छोटा हत्ती’ म्हणून ओळखला जाणारा टेम्पो साधारण ७५० किलो, म्हणजे नेमक्या १५ गोण्या वाहतो, तेव्हा आठवड्याला एक फेरी पुरते. निरोपानंतर माल यायला दोन दिवस लागत असतील, तर त्या दोन दिवसांच्या पाच आणि पावसाने रस्ता अडल्यास हाताशी असाव्यात अशा पाच, मिळून दहा गोण्या उरताच पुढची फेरी मागवावी. या मर्यादेला पुनर्मागणीची पातळी म्हणतात. जादा फेऱ्यांचे भाडे निश्चितच पडते, पण निकामी गोणीची पूर्ण किंमत वाया जाते आणि ती नकळत वापरली गेल्यास नुकसान त्याहूनही मोठे असते.

उतरवून घेताना छापील आठवडा पाहणे आवश्यक आहे. महिनाभर जुनी गोणी स्लॅबला चालेल, कारण ती दुसऱ्याच दिवशी संपणार असते. साठ्यात राहणारी मात्र ताजीच हवी. थप्पी जमिनीपासून वीतभर उंच फळ्यांवर, भिंतीपासून दूर असावी, दहा गोण्यांहून उंच नसावी, व जुनी गोणी आधी निघेल अशी रचावी.

थप्पीच्या तळाची गोणी दगडासारखी लागली, तरी ती टाकून देण्याची घाई करू नये. वरच्या वजनाने दाबले गेलेले सिमेंट गोणी जमिनीवर लोळवताच मोकळे होते आणि ते वापरण्यास हरकत नसते. दमटपणाने झालेल्या गाठी मात्र लोळवून सुटत नाहीत. चिमटीत दाबूनही त्या फुटत नसतील, तर चाळून उरलेली पूडही स्लॅब, तुळई किंवा खांबात घालू नये, कारण गाठींभोवतीचे बारीक कणही तोवर अर्धवट वापरले गेलेले असतात.