राजीनाम्याचे पत्र तपासताना

आमच्या आळीतली एक सून तालुक्याच्या गावी एका कारखान्यात कामाला जात होती. माल डब्यांत भरायचा, डब्यांवर चिठ्ठ्या लावायच्या, असे तिचे काम. त्याला तिथे पॅकिंग खाते म्हणतात. मे महिन्याच्या अखेरीस एका संध्याकाळी ती माझ्या ओट्यावर आली. हातात फोन होता.

ती म्हणाली, "गुरुजी, नोकरी सोडायची आहे. राजीनाम्याचा ईमेल लिहिला आहे. शुद्धलेखनाच्या चुका तेवढ्या काढून द्या."

ईमेल म्हणजे फोनवरून किंवा संगणकावरून पाठवायचे पत्र. त्याला पाकीट नाही, तिकीट नाही. बोट लावले की गेले. पण पत्र ते पत्रच. कचेरीत ते जपून ठेवतात आणि पुढेमागे वाद झाला तर काढून दाखवतात.

मी चष्मा लावला आणि पत्र वाचले. तुम्हीही वाचा. तिने लिहिले होते तसेच देतो.

विषय: राजिनामा

साहेबाना नमस्कार. मि सहा वर्षे पॅकिंग खात्यात काम करत आहे. आता मि नोकरी सोडत आहे. रात्रपाळिची गाडी बंद झाली. हे मि दोनदा तोंडि सांगितले. कोणि लक्ष दिले नाहि. ३० जुन हा माझा शेवटचा दिवस आहे. १ जुलै पासून मि कामावर येणार नाहि राहिलेला पगार मिळाला तर हिशोब पुर्ण होईल. मला काम शिकवलं त्या बायकांचि मि आभारी आहे.

वाचून झाल्यावर माझ्या हातून काय झाले ते आधी सांगतो. ते सांगायला मला थोडी लाज वाटते. मी वही ओढली आणि वर लिहिले, "माननीय महोदयांच्या सेवेशी सादर प्रणाम." खाली लिहिले, "नाइलाजास्तव मी नोकरी सोडू इच्छिते." जन्मभर अर्ज लिहिले आणि लिहून घेतले, त्यामुळे हाताला वळणच तसे पडलेले.

ती शेजारी बसून वाचत होती. म्हणाली, "गुरुजी, नाइलाज कुठला? मी विचार करून ठरवलंय. आणि इच्छिते कशाला? मी सोडतेच आहे."

मी पेन्सिल खाली ठेवली. पोरीचे खरे होते. "सोडत आहे" म्हणजे ठरले. "सोडू इच्छिते" म्हणजे मनात आहे, तुम्ही परवानगी द्या. वरचा साहेब हे वाचून म्हणेल, "बाई अजून ठरवत आहेत, समजूत घालू." तिने मला चुका काढायला सांगितले होते. मी तर तिचा निर्णयच बदलून टाकला होता.

मग मी ते पान फाडले आणि नव्या पानावर तिचेच पत्र उतरवून घेतले. दोन ओळींत एक ओळ मोकळी सोडली. तांबडी पेन्सिल चुकांसाठी घेतली. जिथे मला शंका येईल तिथे निळ्या पेन्सिलीने नुसते प्रश्नचिन्ह करायचे, असे ठरवले. तांबडी खूण म्हणजे मी दुरुस्त केले. निळी खूण म्हणजे तिला विचारायचे.

तांबड्या खुणा मोजल्या तर अठरा निघाल्या. ती घाबरली. मी म्हटले, "घाबरू नकोस. यातल्या दहा चुका म्हणजे एकच चूक आहे."

ती अशी. मराठी शब्दाच्या शेवटी इ चा उच्चार आला तर वेलांटी दीर्घ, म्हणजे दुसरी द्यायची. मि नाही, मी. नाहि नाही, नाही. तसेच तोंडी, कोणी, बायकांची. पत्रात मी पाच वेळा आहे, नाही दोन वेळा आहे आणि हे तीन शब्द. झाल्या दहा. 'आणि' हा शब्द मात्र याला अपवाद. त्याची वेलांटी पहिलीच राहते. प्रत्यय लागला तरी पाळी या शब्दाची वेलांटी दीर्घच राहते, म्हणून रात्रपाळीची.

जून या शब्दाचे निराळे. शेवटचे अक्षर साधे असेल तर त्याच्या आधीचा उकार किंवा वेलांटी दीर्घ येते. जून, तारीख, जमीन, गरीब. पण गरीबला प्रत्यय लागला की गरिबाला होते, तिथे वेलांटी पहिली. पूर्ण हा शब्द संस्कृतातून जसाच्या तसा आला आहे, तिथे तो मुळातच दीर्घ आहे. राजीनामा शब्द फोडून बघावा. राजी आणि नामा. राजी दीर्घ, म्हणून राजीनामा दीर्घ.

साहेबांना या शब्दात 'बा'वर टिंब हवे. एका साहेबाला म्हणताना टिंब नाही. पुष्कळ जण असतील किंवा एकालाच आदराने म्हणायचे असेल, तर टिंब येते. ते राहिले तर आदरच राहिला म्हणायचे. 'पासून' हा शब्द सुटा लिहायचा नाही, आधीच्या शब्दाला चिकटवायचा. जुलैपासून. आणि शिकवलं हे बोलण्यातले रूप. बाकी पत्रात तिने सांगितले, दिले असे लिहिले होते, म्हणून इथेही शिकवले केले. एकाच पत्रात दोन तऱ्हा नसाव्यात.

हे नियम देवाने दिलेले नाहीत हेही सांगून ठेवतो. माझे वडील 'नाहीं' असे टिंब देऊन लिहीत आणि त्यांच्या काळी तेच शुद्ध होते. आजचे नियम महाराष्ट्र शासनाने १९६२ साली मान्य केले आणि १९७२ साली त्यांत आणखी थोडी भर पडली.

आता अठरावी खूण. ही चूक वेलांटीची नाही आणि उकाराचीही नाही. एक टिंबाएवढा पूर्णविराम राहिला होता. पण साऱ्या पत्रात धोक्याची जागा हीच. ती ओळ पुन्हा वाचा.

१ जुलैपासून मी कामावर येणार नाही राहिलेला पगार मिळाला तर हिशोब पूर्ण होईल.

यात पूर्णविराम कुठे द्याल? 'येणार नाही' याच्या पुढे दिला तर दोन गोष्टी होतात. ती येणार नाही, ही एक. पगार मिळाला की हिशोब मिटेल, ही दुसरी. पण कोणी तो 'मिळाला तर' याच्या पुढे दिला तर बघा काय होते. "१ जुलैपासून मी कामावर येणार नाही राहिलेला पगार मिळाला तर." म्हणजे पगार मिळाला तरच येणार नाही! पगार नाही दिला तर येणार, असा अर्थ निघाला. वाक्य जरा वाकडे वाटते, पण घाईत वाचणारा तसेही वाचेल, आणि ज्याला पगार अडवायचा आहे तो मुद्दाम तसे वाचेल.

तिच्या मनात काय आहे हे मला ठाऊक होते. तरी मी आधी निळे प्रश्नचिन्ह केले आणि तिला विचारले. ती म्हणाली, "पगार देवोत न देवोत, मी जाणार नाही." मग तांबड्या पेन्सिलीने 'येणार नाही' याच्या पुढे पूर्णविराम दिला.

निळ्या खुणा आणखी तीन होत्या.

पहिली तारखेवर. ३० जून शेवटचा दिवस आणि १ जुलैपासून येणे बंद, हे जुळत होते. समजा तिने ३१ जून लिहिले असते, तर ती चूक आहे हे मला कळले असते. जूनला तीसच दिवस. पण खरी तारीख ३० जून की ३१ जुलै, हे मी कसे ठरवणार? तिथे विचारावेच लागते. मी एवढेच विचारले की नेमणुकीच्या कागदावर किती दिवस आधी कळवायला सांगितले आहे. तिने कागद आणलाच होता. तीस दिवस. त्या दिवशी २८ मे होता. म्हणजे तारीख बसत होती.

दुसरी खूण "कोणी लक्ष दिले नाही" या वाक्यावर. तेवढ्यात तिची सासूही येऊन बसली होती. ती म्हणाली, "एवढं तोडून कशाला लिहायचं?" मलाही वाटले, "लक्ष देता आले नसावे" असे लिहावे. पण मग साहेबाला वेळ नव्हता, असे ती म्हणते आहे असे होईल. तिचे म्हणणे तसे नव्हते. तिने दोनदा सांगितले होते आणि कोणी ऐकले नव्हते. वाक्यात शिवी नाही, आरोपाला मीठमसाला नाही. मी तिला विचारले, "हे असेच ठेवायचे?" ती म्हणाली, "असंच." ठेवले.

तिसरी खूण शेवटच्या वाक्यावर. "मला काम शिकवले त्या बायकांची मी आभारी आहे." पुस्तकी मराठीत "ज्या बायकांनी मला काम शिकवले त्यांची" असे लिहितील. पण तिचे वाक्य चूक नाही. आपण असेच बोलतो, अर्थही लख्ख कळतो. खूण पुसून टाकली. हिशोब या शब्दालाही हात लावला नाही. मी हिशेब म्हणतो, ती हिशोब म्हणते. दोन्ही चालतात.

दुरुस्त पत्र तिने स्वतः फोनवर टाइप केले. पत्ता घालायची जागा, जिथे To असे लिहिलेले असते, ती मी तिला रिकामी ठेवायला सांगितली. चुकून Send ला बोट लागले तरी पत्ता नसल्यामुळे पत्र जात नाही. जीमेलमध्ये पाठवलेले पत्र मागे घेता येते म्हणतात ते खरे, पण त्याला काही सेकंदच मिळतात. जास्तीत जास्त तीस.

टाइप करताना फोन आपल्या मनाने शब्द पुढे करतो. तिने 'सोडत' लिहायला घेतले आणि बोट दुसऱ्याच शब्दावर पडले. "आता मी नोकरी सोडवत आहे" असे झाले. शब्द शुद्ध आहे, म्हणून डोळा त्यावरून सरकून जातो. मी तिला पत्र उलटे वाचायला लावले. आधी शेवटचे वाक्य, मग त्याच्या वरचे, असे वर वर जायचे. सरळ वाचले की मन पुढचे ओळखून घेते आणि डोळे नीट बघत नाहीत. उलट वाचताना 'सोडवत' तिला चटकन दिसले.

मग मी वहीतले मूळ पत्र मोठ्याने वाचले आणि ती फोनवरचे वाचत गेली. दोन्हींत बोलणारी बाई एकच वाटते का, हे ऐकायचे होते. वाटली. मग तिने पत्ता घातला, एकेक अक्षर कागदाशी ताडून पाहिले आणि Send वर बोट ठेवले. Sent या कप्प्यात जाऊन पत्र गेल्याची तारीख आणि वेळ पाहिली, आणि ती वहीत लिहून ठेवली.

दोन दिवसांनी कचेरीचे उत्तर आले. ते दाखवायला ती पळत आली. "आपला राजिनामा स्विकारण्यात येत आहे," असे होते. दोन्ही वेलांट्या चुकलेल्या. पण ते पत्र काही माझ्याकडे तपासायला आले नव्हते.