बारा टक्के तुमच्या लेखी किती?

समजा, एका फंडाचा अपेक्षित परतावा वर्षाला 12 टक्के आहे, पण त्याचं प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीभोवतीची चढउतार, 18 टक्के आहे. शेजारी 7 टक्क्यांची मुदत ठेव आहे. कोणता खात्रीचा परतावा तुम्हाला या फंडाइतकाच समाधानकारक वाटेल? तोच त्याचा निश्चिततुल्य परतावा.

तो काढण्यासाठी चढउताराचा वर्ग करायचा, त्याला तुमच्या जोखीम-नावडीच्या गुणांकाने गुणायचं, निम्मं करायचं आणि अपेक्षित परताव्यातून वजा करायचं. गुणांक 4 असेल, तर 0.18 चा वर्ग 0.0324, त्याची चौपट 0.1296 आणि निम्मे 0.0648. बारातून 6.48 गेले, उरले 5.52 टक्के. इथे 0.18 ऐवजी 18 घातलं, की उत्तर उणे शेकड्यांत जातं. चूक लगेच कळते.

5.52 हे ठेवीच्या 7 पेक्षा कमी, म्हणून फंड नकोच, असं मात्र नाही. ही तुलना सगळे पैसे फंडात घालण्याची आहे. जादा 5 टक्क्यांना, म्हणजे 0.05 ला, 0.1296 ने भागलं तर सुमारे 39 टक्के येतात. तेवढेच फंडात आणि बाकीचे ठेवीत ठेवले, तर याच माणसाचा निश्चिततुल्य परतावा जवळपास 7.96 टक्के होतो. मला हा हिशेबाचा सर्वांत उपयोगी भाग वाटतो.

गुणांक मात्र प्रश्नावलीतून अंदाजानेच ठरतो. शिवाय क्वचित येणारी मोठी पडझड हे सूत्र पुरेशी मोजत नाही.