जुन्या फ्लॅटच्या वायरिंगसाठी दरपत्रक मागवताना

जुन्या फ्लॅटचे वायरिंग बदलण्यासाठी तीन इलेक्ट्रिशियनांकडून लेखी दरपत्रके मागवताना तिघांनाही एकच पत्र आणि एकच यादी द्यावी. नाहीतर एखाद्याचा आकडा केवळ बारीक वायर धरल्यामुळे कमी दिसतो. यादीत खोलीनिहाय पॉइंट मोजून लिहावेत आणि वायरची जाडीही नमूद करावी: दिवे-पंख्यांसाठी १.५, पॉवर सॉकेटसाठी २.५ आणि गीझर, एसीसाठी ४ चौरस मिलिमीटर, सगळी तांब्याची. प्रत्येक बाबीपुढे कंपनी, नग, दर आणि मजुरी वेगवेगळी मागावी. भिंत खोदणे, प्लास्टर, अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी यांचे दरही स्वतंत्र हवेत. नुसती एकूण रक्कम लिहिलेल्या दरपत्रकात हीच कामे गळतात आणि नंतर जादा बिलात येतात. शेवटी परवाना क्रमांक, जीएसटी आणि दरांची मुदत विचारावी.