पेमेंट ॲपला बँक खाते जोडताना

फोनपे, गुगल पे किंवा भीम यांपैकी कोणतेही ॲप प्रथम उघडले की ते तुमच्या फोनमधून आपोआप एक एसएमएस पाठवते. बँकेत नोंदवलेला नंबर याच फोनमध्ये आहे, याची ती खातरजमा. बहुतेकांचे घोडे इथेच अडते. फोनमध्ये दोन सिम असतील तर बँकेत नोंदवलेलेच सिम निवडावे आणि त्यात एसएमएस जाण्याइतका रिचार्ज हवा. नुसते वायफाय पुरत नाही.

मग यादीतून बँक निवडली की खाते आपोआप दिसते. खाते क्रमांक टाकावा लागत नाही. ‘खाते सापडले नाही’ असे आले, तर बहुधा बँकेत जुनाच नंबर असतो. तो शाखेत जाऊन बदलावा.

शेवटी यूपीआय पिन. डेबिट कार्डाचे शेवटचे सहा अंक, मुदतीचा महिना-वर्ष आणि ओटीपी दिला की तो ठरवता येतो. कार्ड नसल्यास अनेक बँका आधारवरूनही सोय देतात. क्रेडिट कार्ड मात्र यूपीआयला रुपेचेच जोडता येते.

पहिल्या दिवशी मोठी रक्कम अडली तर घाबरू नका. नव्या नोंदणीवर सुरुवातीला मर्यादा असते. आणि पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही. मागणाऱ्याचा फोन सरळ ठेवून द्या.