"आय लव्ह यू" ऐकलं, पण "मी पण" म्हणता येत नाहीये

आजचा विषय म्हणजे अवघड जागेचं दुखणं. तुम्ही कोणाला तरी भेटताय, महिना-दीड महिना झालाय, छान चाललंय. आणि एका संध्याकाळी समोरचा माणूस अचानक म्हणतो, "आय लव्ह यू." तो तुम्हाला आवडतो. खूप आवडतो. पण तेच वाक्य आपल्या तोंडून काढायचं म्हटलं, तर ते अजून खरं नाही. म्हणजे तुमचं उत्तर "नाही" असं नाहीये, "अजून नाही" असं आहे. आणि हा फरक समजावून सांगायला हातात असतात जेमतेम चार-पाच सेकंद.

या सेकंदांत बहुतेक जण "मी पण" म्हणून मोकळे होतात. सोपं आहे, समोरच्याचा चेहरा खुलतो, संध्याकाळ वाचते. गडबड नंतर होते. पुढच्या वेळी तो ते वाक्य म्हणतो तेव्हा पुन्हा "मी पण" म्हणावं लागतं, मग फोन ठेवताना, मग रोज. आणि सहा महिन्यांनी तुम्हाला खरंच प्रेम वाटायला लागलं, तर ते सांगायला शब्दच उरलेला नसतो. तो आधीच खर्च झालेला असतो. दुसरा प्रकार म्हणजे हसण्यावारी नेणं: "वेडा आहेस का?" किंवा "थँक यू." यात खोटं काही नाही, पण ज्याने धीर करून सांगितलं त्याला दार तोंडावर आपटल्यासारखं वाटतं.

आता जरा भाषेकडे बघू, कारण अर्धा घोळ तिथेच आहे. "माझं तुझ्यावर प्रेम आहे" हे वाक्य आपण घरात, रस्त्यावर फारसं ऐकलेलंच नसतं. म्हटलं की नाटकाच्या दुसऱ्या अंकात उभं असल्यासारखं वाटतं. म्हणून आपण इंग्रजीचा आधार घेतो. आणि "तू मला आवडतेस" म्हणावं, तर आपल्याला मिसळही आवडते आणि पाऊसही आवडतो. या दोन टोकांच्या मध्ये एक भलीमोठी जागा आहे आणि तिथे नेमका शब्द पटकन सापडत नाही. तुम्ही अडकलेले असता ते त्या मधल्या जागेत.

त्यात एकाच शब्दात दोघांना वेगळं ऐकू येतं. रॉबर्ट स्टर्नबर्ग नावाच्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९८६ मध्ये प्रेमाची फोड तीन गोष्टींत केली होती: जवळीक, ओढ आणि बांधिलकी. सहाव्या आठवड्यात "आय लव्ह यू" म्हणणारा बऱ्याचदा ओढीबद्दल बोलत असतो. ऐकणाऱ्याच्या डोक्यात मात्र बांधिलकी सुरू होते. आपल्याकडे तर ती थेट आई-बाबांना काय सांगायचं, जात काय, पत्रिका बघतील का, इथपर्यंत धावते. त्यामुळे घशात अडकतं ते कधीकधी प्रेम नसतं, कार्यालयाचं बुकिंग असतं!

चला, एक प्रसंग घेऊन बघू. समजा पुण्यात झेड ब्रिजवर दोघं उभी आहेत. सहा आठवड्यांची ओळख. तो म्हणतो, आणि गप्प होतो. ती काय म्हणू शकते? मला हे उत्तर चांगलं वाटतं:

"ऐकून खूप बरं वाटलं, खरंच. परवा आई आजारी होती तेव्हा तू न विचारता डबा घेऊन आलास, ते माझ्या डोक्यातून जात नाहीये. तू मला खूप आवडतोस. आणि म्हणूनच तो शब्द मला घाईत म्हणायचा नाहीये. अजून मी तिथे पोहोचले नाहीये."

यात आधी पोच आहे, मग सत्य आहे. म्हणजे त्याने जे दिलं ते तिने घेतलं, बाजूला सारलं नाही. दुसरं, तिने डब्याची गोष्ट सांगितली. "तू खूप चांगला मुलगा आहेस" असं नाही म्हटलं, कारण मराठीत हे वाक्य नकाराआधी येतं, हे प्रत्येक मुलाला माहीत आहे. आणि तिसरं, मला सगळ्यात महत्त्वाचं वाटणारं, तिने "पण" टाळलं. "तू आवडतोस, पण" म्हटलं की "पण"च्या आधीचं सगळं पुसलं जातं. "आणि म्हणूनच" म्हटलं की थांबण्याचं कारण कमी आवडणं हे नसून त्या शब्दाला दिलेली किंमत आहे, हे पोहोचतं. अर्थात, ते खरं असेल तरच म्हणायचं.

तिने तारीखही दिली नाही. "दिवाळीपर्यंत सांगते" म्हटलं की समोरचा दिवस मोजायला लागतो आणि दिवाळीला परीक्षेचा निकाल लागल्यासारखं होतं.

तो म्हणेल, "ठीक आहे." आणि ठीक नसेल. लागणारच ना! अशा वेळी अजून दहा वाक्यांचं स्पष्टीकरण देऊ नका, भरपाई म्हणून जास्तीचं गोडही वागू नका. थोडा वेळ शांत उभं राहा, मग कणीस खायला चला. खरा कस लागतो दुसऱ्या दिवशी. ज्याला लागलंय तो आता बघत असतो की आधी मेसेज कोण करतं. तो तुम्ही करा, नेहमीसारखा: "आज भेटायचं का?" फक्त त्यात लाल बदाम टाकू नका. जे तोंडाने म्हटलं नाही ते इमोजीने म्हटलं, की तो त्याचा अर्थ लावत बसणार. दोन-तीन दिवसांनी, निवांत असताना, विचारा: "तू ते म्हणालास तेव्हा तुझ्या मनात काय काय होतं?" बऱ्याचदा कळतं की लग्नाचा विचार त्याच्या डोक्यात अजून आलेलाही नव्हता.

आता एक अप्रिय गोष्ट. "अजून नाही" आणि "कधीच नाही" यातला फरक तुम्हाला स्वतःला माहीत हवा. तो चार दिवस गावाला गेला तर चुकल्यासारखं होतं, की हुश्श वाटतं? हुश्श वाटत असेल, तर "थोडा वेळ दे" हेसुद्धा "मी पण"इतकंच खोटं आहे, फक्त जास्त दिवस चालणारं. मग सरळ सांगा. आणि खरंच वेळ हवा असला, तरी थांबायचं की नाही हा त्याचा निर्णय आहे. "मला एवढं थांबणं जमणार नाही" म्हणाला, तर तो वाईट ठरत नाही.

पण रोज "तुझं प्रेमच नाही ना" असा टोमणा, किंवा दुसऱ्याच आठवड्यात प्रेम आणि तिसऱ्यात फोनचा पासवर्ड, मैत्रिणींना भेटू नकोस, असं सुरू झालं तर तो वेगळाच मामला आहे. तिथे उत्तराचे शब्द शोधत बसू नका, त्या माणसाकडे नीट बघा.

आणि समजा, तीन महिन्यांनी तुम्हाला ते वाटलंच. तेव्हा त्याने म्हटल्यावर उत्तर म्हणून म्हणू नका. एवढ्या दिवसांनी आलेलं "मी पण" त्याला फेडल्यासारखं वाटेल. तो काही म्हणाला नसताना, आपणहून, आधी म्हणा. वाढदिवसाची वाट बघायची गरज नाही. मेथी निवडताना म्हटलं तरी चालेल.