उपाशीपोटी धावताय? आधी अंतर बघा

रात्री आठला जेवण, मग दुसऱ्या दिवशी दुपारी बारापर्यंत फक्त पाणी आणि कोरा चहा. असा सोळा तासांचा उपास करणारा ७० किलो वजनाचा एक धावपटू समजा. रोज पहाटे सहाला तो बोलता येईल अशा वेगाने सहा किलोमीटर धावतो, तेव्हा काहीच अडत नाही. रविवारी मात्र २४ किलोमीटरचा सराव असतो. सतराव्या-अठराव्या किलोमीटरला पाय उचलेनासे होतात आणि तेवढाच जोर लावूनही किलोमीटरमागे मिनिटभर जास्त लागतं. उपास तोच, मग फरक कशाने पडतो?

शरीर साखर ग्लायकोजेनच्या रूपात दोन ठिकाणी साठवतं. यकृतात साधारण १०० ग्रॅम आणि स्नायूंत ४०० ग्रॅमच्या आसपास. आपण झोपलेलो असताना मेंदूला साखर पुरवते ती यकृताची शिल्लक, त्यामुळे सकाळी ती बरीच उतरलेली असते. स्नायूंचा साठा मात्र रात्रभर जवळपास तसाच राहतो, कारण स्नायू आपली साखर रक्तात सोडूच शकत नाहीत. पाऊण तासाच्या हलक्या धावण्याला हा साठा आणि चरबी पुरेशी असते. २४ किलोमीटरला मात्र अंदाजे १,७०० कॅलरी लागतात. चरबीतून ऊर्जा मिळते, पण सावकाश. वेग टिकवायला साखरच हवी. ती संपत आली की गाडी अडते. दमछाक करणाऱ्या वेगवान फेऱ्यांनाही हेच लागू आहे.

‘उपाशीपोटी धावलं की चरबी जास्त जळते’ हे त्या तासापुरतं खरं आहे. पण २०१४ मध्ये ब्रॅड शोनफेल्ड आणि सहकाऱ्यांनी २० तरुणींवर चार आठवडे प्रयोग केला. निम्म्या जणी उपाशी, निम्म्या खाऊन व्यायाम करत होत्या आणि सगळ्यांचा आहार सारखाच बेताचा होता. दोन्ही गटांत घटलेल्या चरबीत लक्षणीय फरक आढळला नाही. दिवसभराचा हिशेब शरीर रात्रीपर्यंत जुळवून घेतं.

खरं नुकसान बऱ्याचदा धावून झाल्यावर होतं. आठला घरी आलेला आपला धावपटू बारापर्यंत उपाशीच राहिला, तर रिकामे झालेले स्नायू भरायला चार तास उशीर होतो. सोमवारी पाय जड वाटतात ते त्यामुळे. त्यावर उपाय म्हणजे खाण्याचे आठ तास अलीकडे ओढायचे. सकाळी आठला पोहे आणि दोन अंडी, शेवटचं जेवण दुपारी चारला. फक्त रविवारी हा नियम मोडायचा. शनिवारी रात्री भात खायचा, निघण्यापूर्वी एक केळं, आणि वाटेत दर तासाला ३० ते ६० ग्रॅम साखर मिळेल असं काहीतरी: खजूर, केळं किंवा जेल.

हात थरथरले, थंड घाम फुटला, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर तिथेच थांबून गोड खायचं. इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा प्रयोग करूच नये.